अनुभव धागा: तक्रारीच्या पेटीत मजकूर मावत नाही, तेव्हा काय कापता आणि काय ठेवता?

धागाकर्ती: मृणाल_डोंबिवली

घरातल्या ज्येष्ठांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रारी भरणारे इथे बरेच आहेत. तीन-चार पानांचं अर्जवजा पत्र आधीपासून तयार असतं, आणि पोर्टलवरची पेटी त्याच्या पाव भागातच भरते. मग वाक्यावाक्यातून शब्द काढत बसावं लागतं, आणि शेवटी उरतं ते कुणालाच धड कळत नाही. तुमची पद्धत लिहा. शक्यतो केंद्राच्या pgportal.gov.in वरची, त्यातही पेन्शनची. तिथे तारखा आणि आकडे इतके असतात की कापायचं काय तेच समजत नाही.

सदाशिव_नि.ले.अ.

पेन्शनच्या तक्रारी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बरीच वर्षं वाचल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लांब पत्रातली वाक्यं लहान करत बसू नका. ते पत्र बाजूला ठेवा आणि पेटीसाठी कोऱ्या पानावर नव्याने लिहा. पत्राचा क्रम घटनांचा असतो: साहेब निवृत्त झाले, मग आजारपण, मग निधन, मग बँकेत गेलो, मग परत गेलो. वाचणाऱ्याला लागणारा क्रम वेगळा. काय हवं आहे, कोणत्या पीपीओवर, कशाच्या आधारावर, आत्ता काय मिळतंय, आधी कुणाकडे अर्ज केला, सोबत काय जोडलं. या सहा गोष्टींच्या बाहेरचं सगळं पेटीतून वजा.

नेहमी येणारं एक प्रकरण घेऊ. कुटुंब निवृत्तिवेतन वाढीव दराने देय असताना बँकेच्या पेन्शन केंद्राने सुरुवातीपासूनच साधा दर लावला. केंद्रीय कर्मचारी निवृत्तीनंतर वारला, तर निधनापासून सात वर्षं किंवा तो 67 वर्षांचा झाला असता ती तारीख, यांपैकी जे आधी येईल तोवर वाढीव दर. त्यानंतर शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के. पत्रात हे तीन पानं चालतं. पेटीत एवढंच:

> मागणी: कुटुंब निवृत्तिवेतन 15-08-2023 पासून वाढीव दराने, मूळ 31100, द्यावे व आजवरचा फरक महागाई सवलतीसह जमा करावा. पीपीओ क्रमांक: (12 अंक). पती: जन्म 12-05-1960, निवृत्ती 31-05-2020, शेवटचा मूळ पगार 62200, निधन 14-08-2023. पीपीओप्रमाणे वाढीव दर मे 2027 पर्यंत देय. बँकेच्या केंद्राने सुरुवातीपासून साधा दर, मूळ 18660, लावला. दरमहा फरक 12440 अधिक महागाई सवलत. शाखेत अर्ज 04-12-2023, पोच जोडली. बँकेच्या केंद्राला ईमेल 19-02-2024, उत्तर नाही. जोडपत्र: पान 1 पीपीओ, पान 2 मृत्यू दाखला, पान 3 ते 5 पासबुक, पान 6 पोच.

वाचणाऱ्याने पीपीओ उघडला की हिशेब दोन मिनिटांत पडताळून होतो. "वारंवार खेटे घालूनही", "अत्यंत खेदाने नमूद करावेसे वाटते", "ज्येष्ठ नागरिक असून" ही वाक्यं खोटी नसतात, त्रास खराच झालेला असतो. पण त्यांच्यावर कुणाला काही कारवाई करता येत नाही. शाखेत चार वेळा जाऊन आलात त्याऐवजी पोच मिळालेल्या एका अर्जाची तारीख लिहा, ती चारही खेपांपेक्षा जड पडते.

खारघरकर

मर्यादा 3000 अक्षरांची असते, सगळ्या सरकारी पोर्टलवर तीच. त्यामुळे एकदा 3000 मध्ये बसवलं की कुठेही चालतं.

वेबवाला_नाशिक

@खारघरकर, 3000 ही rtionline.gov.in वरच्या माहिती अधिकार अर्जाची मर्यादा आहे. तिथे जास्त मजकूर पीडीएफमध्ये जोडायला सांगतात. बाकी प्रत्येक पोर्टलचा आकडा वेगळा, आणि एकाच पोर्टलवर तक्रारीच्या पेटीचा एक अन् अपिलाच्या पेटीचा दुसरा असू शकतो. पेटीखाली उरलेल्या अक्षरांचा आकडा दिसतो, तोच धरायचा.

मर्यादेच्या आत असूनही मजकूर का नाकारला जातो, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे.

मराठीत आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते संगणकाला एक नसतं. काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हे टाकून बघा:

```
"महाराष्ट्र".length
```

उत्तर 10 येतं. म्हणून कागदावर बोटं मोजून अंदाज बांधू नका. शिवाय साठवताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. एखाद्या पोर्टलने मर्यादा बाइटमध्ये ठेवली असेल, तर इंग्रजीत बसणाऱ्या मजकुराच्या जेमतेम तिसरा हिस्सा मराठी तिथे बसते, आणि पेटीखालचा आकडा तुम्हाला ते सांगत नाही. आकड्यात जागा शिल्लक दिसते, तरी सबमिट केल्यावर चूक दाखवतो. अशा वेळी निम्मा मजकूर टाकून बघा. तो गेला, तर गोम बहुधा लांबीत आहे, पण उरलेला निम्माही टाकून बघा. कुठलाही निम्मा नाही गेला, तर बहुधा त्यातल्या एखाद्या चिन्हात.

दुसरी गोष्ट ओळी तोडण्याची. पेटीखालचा आकडा एंटरला एक धरतो, पण फॉर्म पाठवताना प्रत्येक एंटरचे दोन होतात. तीस ओळींचा मजकूर काठोकाठ भरला असेल, तर सर्व्हरकडे तीस अक्षरं जास्त पोचतात. म्हणून पन्नासेक अक्षरं मोकळी सोडा किंवा सदाशिवरावांनी दिलंय तसं एकाच परिच्छेदात लिहा.

तिसरी चिन्हांची. वर्डमधून चिकटवलं की वाकडी अवतरणचिन्हं, लांब डॅश, बुलेट सोबत येतात. रुपयाचं चिन्ह, < आणि > हीसुद्धा बऱ्याच ठिकाणी अडतात, कारण पेटीतून कुणी घातक कोड घुसवू नये म्हणून मोजकीच चिन्हं आत सोडलेली असतात. आधी नोटपॅडमध्ये चिकटवून साधा मजकूर करा आणि "रु." असं अक्षरांत लिहा.

अनुराधा_कुलकर्णी_पुणे

वेबवाल्यांच्या यादीत एक भर. काही पेट्या जास्तीचा मजकूर नाकारत नाहीत, चिकटवतानाच गुपचूप कापून टाकतात. चूक दाखवत नाहीत, काही नाही. आपल्याकडे पत्राच्या शेवटी "तरी कृपया अमुक करावे ही विनंती" लिहायची रीत, त्यामुळे कापली जाते ती नेमकी मागणीच. तक्रार नोंदली जाते, क्रमांक मिळतो, आणि आत मागणीच नसते. मी मागणी पहिल्या ओळीत ठेवते, आणि सबमिट करण्याआधी पेटीच्या तळाशी जाऊन शेवटचा शब्द पूर्ण आहे का ते पाहते.

गिरीश_ठाणे

एवढा खटाटोप कशाला? पेटीत "सोबतचे पत्र पाहावे" एवढं लिहायचं आणि तीन पानी पत्र पीडीएफ करून जोडायचं. जोडायची सोय दिलेलीच आहे.

सदाशिव_नि.ले.अ.

गिरीश, जोडायला हवंच, पण पेटी रिकामी ठेवू नका. तक्रार मंत्रालयातून विभागाकडे, तिथून बँकेच्या केंद्राकडे खाली सरकते. प्रत्येक पायरीवर ती कुणाकडे पाठवायची ते पेटीतला मजकूर वाचून ठरतं. त्यात "पत्र पाहावे" एवढंच असेल तर ती चुकीच्या टेबलावर जाण्याची शक्यता वाढते. आणि पीडीएफला पान क्रमांक घाला. "पान 6 पोच" लिहिलं की जोडपत्र उघडलं जातं, नुसतं "पुरावे सोबत" लिहिलं की राहून जातं.

गिरीश_ठाणे

माझ्या माहितीत नुसत्या पत्रावर कामं झालेली आहेत. अधिकारी वाचणारा असेल तर वाचतोच.

तुषार_लातूर

आमच्या गल्लीत दोन महिने पाणी कमी दाबाने येतंय. ते याच पोर्टलवर टाकू का? आणि मजकूर जास्त असेल तर भाग 1, भाग 2, भाग 3 अशा तीन तक्रारी केल्या तर चालतील का?

अनुराधा_कुलकर्णी_पुणे

तुषार, पाण्याचा दाब महापालिकेचा विषय. आधी महापालिकेच्या तक्रार कक्षात टाका, मग राज्याचं आपले सरकार पोर्टल. केंद्राच्या पोर्टलवर टाकलीत तर ती फिरून राज्याकडेच येणार, मधले दिवस फुकट.

भाग पाडणं मात्र कुठेच नको. तिन्हींना वेगळे क्रमांक मिळतात, त्या वेगळ्या लोकांकडे जाऊ शकतात, आणि भाग 2 वाचणाऱ्यासमोर भाग 1 नसतो. नाहीतर एकच तक्रार पुन्हा केली असं समजून दोन बंद करतात.

उलट विषय खरोखर दोन असतील तर तक्रारीही दोन हव्यात. वाढीव दराचा फरक आणि फिक्स्ड मेडिकल अलाउन्स एकाच पेटीत घातले, तर सोप्या विषयाचं उत्तर देऊन अख्खी तक्रार निकाली निघते. प्रत्येक तक्रार स्वतंत्र वाचली तरी पूर्ण कळायला हवी, एवढं पाहा. मजकूर आपोआप निम्मा होतो.

मृणाल_डोंबिवली

फार कामाचं आहे हे. एक विचारते, मराठीत लिहावं की इंग्रजीत? आईला मराठीतच हवं आहे, आपण काय लिहिलंय ते तिला वाचता यावं म्हणून.

वेबवाला_नाशिक

जागेचा विचार केला तर इंग्रजी. "निवृत्तिवेतन" ला 12 चिन्हं, "pension" ला 7.

सदाशिव_नि.ले.अ.

जागेपेक्षा वाचणारा कुठे बसलाय ते बघा. बँकेचं पेन्शन केंद्र परराज्यात असू शकतं, तिथे मराठी वाचणारं कुणी असेलच असं नाही. पेटीत इंग्रजी किंवा हिंदी, आणि आईंच्या सहीचं मराठी पत्र जोडपत्रात पहिल्या पानावर. राज्य सरकारकडची तक्रार असेल तर बेलाशक मराठीत लिहा. इंग्रजीत लिहितानाही फक्त रूढ संक्षेप वापरा. पीपीओ, डीआर चालतात, मनाने बनवलेले नकोत.

खारघरकर

3000 चं माझं चुकलं, आभार. तक्रार "निकाली" दाखवली आणि पैसे आलेच नाहीत तर पुन्हा सगळं नव्याने भरायचं का?

अनुराधा_कुलकर्णी_पुणे

नवी नको, अपील करा. केंद्राच्या पोर्टलवर बंद झाल्यापासून 30 दिवसांत करता येतं. मूळ तक्रार त्याला जोडलेलीच असते, त्यामुळे इतिहास परत लिहू नका. त्यांच्या उत्तरातलं चुकलेलं वाक्य घ्या आणि त्यापुढे तुमचा एक पुरावा. उदाहरणार्थ: "उत्तरात दर बरोबर असल्याचे म्हटले आहे. पीपीओ, जोडपत्र पान 1, मे 2027 पर्यंत मूळ 31100 दाखवतो. दर कोणत्या आधारे 18660 धरला ते कळवावे व फरक द्यावा." उत्तर असमाधानकारक आहे एवढंच लिहिलं, तर वरच्या अधिकाऱ्याला तपासायला हाती काहीच लागत नाही.

गिरीश_ठाणे

अपिलात पीडीएफ पुन्हा जोडायची की जुनी दिसते त्यांना?

सदाशिव_नि.ले.अ.

जुनी दिसायला हवी. मी तरी नेमकं ते एक पान पुन्हा जोडायला सांगतो.