मदत हवी आहे: दुकानाचं नूतनीकरण, क्रिटिकल पाथ काढला पण कोणतं काम घाईत करू?

रेवती_सांगली
लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे, तीनशे चौरस फूट. दसऱ्याला उघडायचंच आहे, त्यासाठी २३ दिवस मिळतात. एक्सेलमध्ये क्रिटिकल पाथ, म्हणजे एकामागून एक कराव्या लागणाऱ्या कामांचा सगळ्यात लांब रस्ता, मांडला तर २७ दिवस येतात. फर्निचर सगळ्यात मोठं काम, १४ दिवसांचं. कंत्राटदार म्हणतो, "ताई, जास्तीचे दोन सुतार घ्या, चार हजारांत दोन दिवस वाचतील." पण शीटमध्ये फर्निचरपुढे फ्लोट, म्हणजे उशीर झाला तरी चालेल असे दिवस, ३ दिसतोय. मग पैसे द्यायचे की नाही? आणि दर्शनी काचेचा फ्लोट १० आहे, तर तिचा ॲडव्हान्स दहा दिवसांनी दिला तर चालेल ना? लवकर सांगा, उद्या सुताराला उत्तर द्यायचंय.

हिशेबनीस
कोणतं काम कशानंतर आहे ते लिहिलंच नाहीत. नुसत्या फ्लोटवरून काय सांगणार? रविवार धरलेत का? आणि घाई केली तर कोण किती जास्त मागतंय?

कृष्णाकाठ
पितृपक्षात काम काढलंत का? आमच्याकडे तर रंगाचा डबासुद्धा आणत नाहीत.

रेवती_सांगली
मुहूर्त घटस्थापनेचा धरला असता तर दसरा गेलाच असता. आईंना विचारून सुरू केलंय.

रविवारीही काम चालू आहे. क्रम असा: तोडफोड ४ दिवस. मग वायरिंग ५. वायरिंगनंतर फॉल्स सीलिंग ६ आणि त्यानंतर पुट्टी-रंग ६. फरशी ५, तीही वायरिंगनंतर, कारण काउंटरचा पाइप फरशीखालून जातो. तोडफोड झाली की मापं घेऊन सुतार वर्कशॉपमध्ये फर्निचर करणार, १४ दिवस. रंग, फरशी, फर्निचर तिन्ही झाल्यावर फर्निचर बसवणं ४, मग माल लावणं २. काच ऑर्डरनंतर १० दिवसांनी येते, बसवायला एक दिवस.

घाईचे जास्तीचे पैसे: वायरिंग एक दिवस कमी करायला २,५००. सीलिंग दोन दिवसांपर्यंत, दिवसाला १,५००. रंग एकच दिवस, १,२००. फर्निचर दोन दिवसांपर्यंत, दिवसाला २,०००. बसवणं एक दिवस, ३,०००.

वेगवान_नितीन
सोपं आहे. तुमचा पाथ तोडफोड, वायरिंग, सीलिंग, रंग, बसवणं, माल: बरोबर २७. यावरचीच स्वस्त कामं उचला. रंग १, सीलिंग २, वायरिंग १. चार दिवस कमी, खर्च ६,७००. फर्निचरला हात लावू नका.

जुना_साइटवाला
नितीन, सुरुवात बरोबर आहे, शेवटचा दिवस चुकला. रंगाचा एक आणि सीलिंगचे दोन काढले की हा रस्ता २४ वर येतो. आता फर्निचरचा रस्ता मोजा: ४, १४, ४, २. तोही २४. म्हणजे फर्निचरचा तीन दिवसांचा फ्लोट तिथेच संपला. यानंतर वायरिंगचे अडीच हजार दिलेत तर रंग एक दिवस आधी संपेल आणि दुकान सुताराची वाट बघत बसेल. ६,७०० खर्चून हातात तीनच दिवस.

म्हणून एकेक दिवस कापायचा आणि दर वेळी सगळे रस्ते पुन्हा मोजायचे. चौथ्या दिवसासाठी दोन वाटा आहेत. वायरिंग आणि फर्निचर दोन्ही एकेक दिवस कमी करा, ४,५०० लागतील. नाहीतर जे काम दोन्ही रस्त्यांवर आहे ते कमी करा: बसवणं, ३,०००. एकूण ७,२०० आणि २३ दिवस. तोडफोडही दोन्हींवर आहे. तिथे दोन मजूर वाढवले तर आणखी स्वस्त पडेल. ती कुठवर आलीय?

रेवती_सांगली
उद्या संपतेय. आज तिसरा दिवस.

जुना_साइटवाला
मग ती वाट गेली. सुताराला सांगा, वर्कशॉपची घाई नको, पण अठराव्या दिवशी फर्निचर दुकानात हवं आणि बसवायला जास्तीची माणसं हवीत. आज त्याच्याकडे तीन दिवस सैल दिसतात, नव्या आखणीत एकही नाही. हे त्याला आत्ताच कळायला हवं.

वेगवान_नितीन
मान्य, दुसरा रस्ता मोजला नव्हता. पण रंग अजून एक दिवस कमी होईल, रंगारी वाढवा.

चुना_पुट्टी
नाही होणार. माणसं वाढवली म्हणून पुट्टी लवकर वाळत नाही. मागच्या पावसाळ्यात माझ्या क्लिनिकला दुसरा हात ओला असतानाच प्रायमर मारला, दोन महिन्यांत पापुद्रे निघाले. खरवडून सगळं परत करावं लागलं. माझं ऐका, रंगच नको, पीव्हीसी पॅनेल लावा.

कृष्णाकाठ
पॅनेलमागे वाळवी लागते. आमच्या भावाच्या दुकानात झालंय.

चुना_पुट्टी
वाळवी पट्ट्यांच्या लाकडाला लागते, पीव्हीसीला नाही. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वापरायच्या.

शांता_इंजिनिअर
पॅनेलचा वेगळा धागा काढा, इथे काच महत्त्वाची आहे. रेवती, काचेचं माप कधी घेणार? दरवाजाची काच टफन्ड असेल तर भट्टीतून निघाल्यावर ती कापता येत नाही, घासता येत नाही. खालचं माप तयार फरशीच्या पातळीवर ठरतं. तुझ्या शीटमध्ये काच तोडफोडीनंतर लगेच जोडलीय, म्हणून दहा दिवसांचा फ्लोट दिसतोय. फरशीकडून काचेकडे जाणारा बाण राहिलाय.

तो घालून बघ. फरशी चौदाव्या दिवशी संपते, दहा दिवसांनी काच येते, पंचविसाव्या दिवशी बसते. दसरा चोविसावा. आम्ही सगळे जिथे पैसे वाचवत होतो, त्याच्या बाहेरच खरी अडचण होती.

जुना_साइटवाला
हे माझ्याकडून सुटलं. काचेचं माप कधी घ्यायचं हे मी विचारलंच नाही.

रेवती_सांगली
बापरे. काचवाला म्हणाला होता, "फरशी झाली की बोलवा." मला वाटलं त्याच्या सोयीचं बोलतोय. मग आता?

शांता_इंजिनिअर
फरशीवाल्याला सांग, सुरुवात दाराकडून कर. वायरिंग नवव्या दिवशी संपेल, दहाव्या दिवशी उंबऱ्याजवळची रांग बसव आणि त्याच संध्याकाळी माप दे. विसाव्याला काच येते, एकविसाव्याला बसते. ॲडव्हान्स थांबवायला जागा नाही.

दुसरं, फरशीचा फ्लोट नव्या आखणीत सातावरून चारावर येतो आणि तोही कागदावरच. सीलिंगवाल्याचे घोडे त्याच जमिनीवर उभे राहणार. तीनशे फुटांत दोघांना एकदम काम करता येतं का, ते त्या दोघांना समोरासमोर बसवून विचार.

जुना_साइटवाला
पातळीच्या नळीने भिंतीवर रेघ मारून फरशीआधीही माप देता येतं. आम्ही दिलेली आहेत.

शांता_इंजिनिअर
देता येतं, पण गवंड्याने मसाला अर्धा इंच जाड घातला तर काच वाया. नवख्या माणसाला मी हे सांगणार नाही.

जुना_साइटवाला
गवंडी ओळखीचा असेल तर काही होत नाही.

हिशेबनीस
माल लावायला काच कशाला हवी? शटर आहे ना? मग काच तेविसाव्या दिवशी बसली तरी चालेल, दोन दिवस मोकळे मिळतात.

रेवती_सांगली
शटर आहे. पण काच बसवताना धूळ उडते, नवे कपडे उघडे ठेवायचे नाहीत. मधल्या रॅकवर प्लास्टिक टाकून जमेल बहुतेक.

सुताराला फोन केला. अठराव्या दिवसाचं कबूल केलंय, बसवायला चार माणसं देणार. फरशीवाला दाराकडून सुरू करायला तयार नाही, म्हणतो की कट तुकडे दारात येतील, दिसायला वाईट. संध्याकाळी त्याला आणि सीलिंगवाल्याला दुकानात बोलावलंय. त्याच्या म्हणण्यावर काही तोड आहे का?

शांता_इंजिनिअर
आधी सगळी फरशी कोरडी मांडून बघायला सांग. दारात अख्खी फरशी ठेवून तुकडे मागच्या भिंतीकडे, काउंटरखाली ढकलता येतात. दुकानाची लांबी किती आहे?