अनुभव धागा: प्रोबेशन संपत आलं, काम अर्धं चांगलं अर्धं कच्चं. वाढवलं का थांबवलं, आणि सांगितलं कसं?

कापूसतूर (वर्धा जिल्हा): आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे तालुक्याच्या गावी. गोदाम सुपरवायझर म्हणून १ जूनला पोरगा घेतला, सहा महिने प्रोबेशन, ३० नोव्हेंबरला संपते. शेतकऱ्यांशी वागणं एक नंबर, सोयाबीन आलं की मॉइश्चर मीटर त्यांच्यासमोर लावते, १२ च्या वर गेलं तर वाळवून आणा म्हणून असं समजावते की कोणी भांडत नाही. पण काट्याची पावती अन स्टॉक रजिस्टर जुळत नाही, ऑक्टोबरात तीनदा फरक, एकदा तर ११ पोते. माल गोदामातच होता, रजिस्टरात चढवायचा राहिला होता. संचालकांमधे दोन गट पडले, एक म्हणते थांबवा, दुसरा म्हणते तीन महिने वाढवा. तुमचे अनुभव लिहा.

दाळमिल अकोला: काहून एवढा विचार करून राहिले भाऊ, प्रोबेशनमधे कारण द्यायची गरज नसते, चिठ्ठी द्या अन मोकळे व्हा. नाहीतर वाढवत राहा, मी एकाला दोन वर्ष प्रोबेशनवरच ठेवलं, काही होत नाही.

जिनिंगवाली: दाळमिल भाऊ, अर्धं बरोबर आहे तुमचं. "काम समाधानकारक नाही" एवढं साधं लिहून थांबवता येते, पण नेमणूक पत्रात वाढवायची कमाल मुदत दिली असेल अन ती उलटून माणूस कामावरच राहिला तर तो कायम झाला असं कोर्ट धरू शकते. अन पत्रात बेजबाबदार, अप्रामाणिक असे शब्द घातले तर तो आरोप होतो, मग चौकशी न करता काढलं म्हणून अंगावर येते.

माझा अनुभव सांगते. जिनिंगमधे काट्यावर एक पोरगा एप्रिलमधे घेतला, सहा महिने संपले तेव्हा हंगाम सुरूच व्हायचा होता, म्हणजे मी त्याचं खरं काम पाहिलंच नव्हतं. तेव्हा वाढवणं बरोबर होतं. पण पाहून झालं असेल, सांगून झालं असेल अन तरी तेच होत असेल तर वाढवणं म्हणजे आपलाच वाईटपणा पुढे ढकलणं, दुसऱ्या एकाच्या बाबतीत मी तेच केलं अन त्या पोराचे चार महिने वाया घालवले, तेवढ्यात त्याला दुसरीकडे लागता आलं असतं.

तुमच्याकडे आधी एक करा, फरक आलेल्या तिन्ही दिवसांच्या पावत्या काढून वेळ पहा. आमच्याकडे सगळे फरक संध्याकाळी सातनंतरचे निघाले, दोन गाड्या सोबत लागल्या की काट्यावरचा तो पहिला पोरगा माप घ्यायला उठायचा अन लिहिणं राहून जायचं. एक हमाल मापाला दिला, फरक बंद झाला. दिवसा, एकच गाडी असताना फरक येत असता तर मी त्याला ठेवलं नसतं.

गुरुजी बुलढाणा: मी शिक्षणसेवक होतो, तीन वर्ष. आमच्याकडे तर पुढचं काय ते संस्थेच्या क्लर्ककडून कळलं, तेही चहाच्या टपरीवर. तुमचे संचालक शासनाचा जीआर पाहत नाहीत का?

जिनिंगवाली: गुरुजी, तुमचे नियम वेगळे, इथे नेमणूक पत्र पाहायचं. पण टपरीवर कळणं हेच टाळायचं आहे. मी त्या पहिल्या पोराला बाजाराचा दिवस सोडून दुपारी ऑफिसात एकटं बोलावलं, बसल्या बसल्या पहिलंच वाक्य सांगितलं, "तुझं प्रोबेशन १५ डिसेंबरपर्यंत वाढवलं, काढलं नाही अन कायमही केलं नाही." मग गप्प बसले. आधी पाच मिनिटं कौतुक केलं तर पोराला वाटते कायम झालो. त्यानं पगाराचं विचारलं, तोच राहील म्हटलं. पत्रात दोनच गोष्टी, गाडी उतरली की त्याच रात्री नोंद, अन दर सोमवारी पावती-रजिस्टर माझ्यासमोर जुळवायचं.

अन कापूसतूर भाऊ, तीन महिने कशाला? सोयाबीनची आवक डिसेंबरात कळून जाईल, १५ जानेवारी पुरे. १ जूनपासून सुट्ट्या धरून २४० दिवस २६ जानेवारीच्या आसपास भरतात, तो कामगारात मोडत असेल तर त्यानंतर काढताना नोटीस अन भरपाईचा प्रश्न येऊ शकते. नुसतं सुपरवायझर नाव असून भागत नाही, रोज काय काम करते ते पाहतात. वकिलाला नेमणूक पत्र दाखवूनच पत्र काढा, अन ३० नोव्हेंबरच्या आधी.

खतवाला पुसद: माझ्या कृषी केंद्रात मी थांबवलं. पोरगा कीटकनाशकाची एक्स्पायरी न पाहता देऊन राहिला होता, दोनदा दाखवून झालं होतं. शेतकऱ्याच्या पिकाचा प्रश्न, तिथे वाढवून पाहत नाही. हिशेब त्याच दिवशी दिला. चूक एकच झाली, त्याच्या बापाला आदल्या दिवशी पारावर बोलून गेलो.

कापूसतूर: पावत्या काढल्या. दोन फरक रात्री आठनंतरचे, दोन ट्रॅक्टर सोबत. तिसरा, ११ पोत्यांचा, दुपारी तीनचा आहे, तेव्हा गाडी एकच होती, त्याचं उत्तर त्याच्याकडं नाही. १५ जानेवारीवर संचालक तयार आहेत, रात्री मापाला माणूस देतो अन दुपारच्या नोंदीच पाहतो. पण त्याचा बाप आमचा सभासद आहे, सभेत विचारणारच. त्याला काय सांगावं, कोणावर असं आलं असेल तर लिहा.