१५ मिलिग्रॅमवरून उतरताना

"परभणीला आईचे (वय ६८) आखडलेले खांदे प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या १५ मिलिग्रॅम मात्रेने तीन दिवसांत मोकळे झाले, मग गोळी लगेच का थांबवत नाहीत?"

पॉलिमायल्जिया रुमॅटिका या खांदे आणि कंबर आखडवणाऱ्या दाहाच्या आजारात गोळीने दाह दबतो, आजार संपत नाही. म्हणून साधारणपणे ४ ते ८ आठवड्यांत मात्रा १० मिलिग्रॅमवर आणतात आणि त्यानंतर दर महिन्याला केवळ १ मिलिग्रॅम कमी करतात, त्यामुळे वर्षभर तरी सहज जाते. लातूरच्या आमच्या मामींचे खांदे ६ मिलिग्रॅमवर पुन्हा आखडले, रक्तातला दाह दाखवणारे सीआरपीही वाढले होते, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना ७ वर परत नेऊन उतरण्याची गती कमी केली.

मात्र नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे किंवा दृष्टी अंधुक होणे ही जायंट सेल आर्टरायटिसची, म्हणजे या आजारासोबत होऊ शकणाऱ्या डोक्याच्या धमन्यांच्या दाहाची, लक्षणे असू शकतात. तिथे १५ मिलिग्रॅम पुरत नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण बायोप्सीची वाट न पाहता ४० ते ६० मिलिग्रॅम सुरू करावे लागते, अन्यथा दृष्टी कायमची जाऊ शकते.