मदत हवी आहे: भांडण झालं की नवरा गप्प होतो, मी सॉरी म्हटलं तरी बोलत नाही

रानजाई (मंगळवार, रात्री ११.४०)
लग्नाला सहा वर्षं झाली. भांडण झालं की नवरा पाच मिनिटांत गप्प होतो. मग दोन-तीन दिवस अबोला. "डबा भरलाय", "गॅस संपलाय" एवढंच बोलणं. दरवेळी मीच आधी सॉरी म्हणते, मेसेज करते, जवळ जाऊन बसते. काही उपयोग नाही. आजही तेच. तो हॉलमध्ये झोपलाय आणि मी आत हे लिहितेय. त्याला बोलतं कसं करायचं? कृपया "वेळ द्या" असं सांगू नका, खूप दिलाय.

मंदार_७७
भांडण कशावरून झालं?

रानजाई
किरकोळ कारण होतं. मुलीला पाळणाघरातून आणायला त्यानं उशीर केला. मुद्दा तो नाहीये, गप्प बसण्याचा आहे.

अनुराधा काकू
बाळा, माझे यजमान एकदा अकरा दिवस बोलले नव्हते. मी मुलांना घेऊन सांगलीला माहेरी निघून गेले. बाराव्या दिवशी स्वतः न्यायला आले. तूही चार दिवस आईकडे जा. आपण मागे मागे फिरलो की पुरुष जास्तच ताणतात.

कायदेमित्र
परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मध्ये सहा महिन्यांचा काळ असतो. पण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात न्यायालय तो माफ करू शकतं. कागदपत्रं आत्तापासून एकत्र ठेवा.

रानजाई
मी घटस्फोटाचं विचारलेलंच नाही. आणि काकू, मुलीची शाळा आहे, असं उठून जाता येत नाही.

स्मिता_नाशिक
रानजाई, मी दहा वर्षं जोडप्यांसोबत समुपदेशनाचं काम करते. आधी एक विचारते, कारण उत्तर "हो" असेल तर बाकीचा सल्ला गैरलागू आहे. तो हात उगारतो का, वस्तू फेकतो का, तुम्हाला त्याची भीती वाटते का? तसं नसेल तर आजचं भांडण पहिल्या वाक्यापासून लिहा. कोण काय म्हणालं, कुठे उभं होतं, सगळं. "किरकोळ" म्हणून गाळू नका.

रानजाई
भीती अजिबात नाही. आवाजसुद्धा चढवत नाही तो.
पाळणाघर सातला बंद होतं. त्यानं न्यायचं ठरलं होतं. सात वाजून पाच मिनिटांनी बाईंचा मला फोन, मी कंपनीच्या बसमध्ये हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. तो पोचला सात पंचवीसला. घरी आल्या आल्या मी म्हटलं, "तुला कधी काही लक्षात राहतं का? अगदी बाबांवर गेलायस." तो म्हणाला, "मीटिंग लांबली, मी काय खेळत बसलो होतो? आणि मागच्या आठवड्यात तू विसरलीस तेव्हा मी काही बोललो का?" मी म्हटलं, "वा! साहेबांची मीटिंग!" (त्याच्याच आवाजात म्हटलं, खरं लिहायचं तर.) मग तो फोनमध्ये बघायला लागला. मी स्वयंपाकघरात गेले, तो गॅलरीत गेला. मी गॅलरीत गेले, तर तो बेडरूममध्ये. मध्ये एकदा त्यानं विचारलं, "पोळ्या गरम करू का?" मी म्हटलं, विषय बदलू नकोस. त्यानंतर एक शब्द नाही. दहा वाजता मी सॉरी म्हटलं, तर नुसतं "हं".

मंदार_७७
हे तर अगदी पुस्तकातलं आहे. अमेरिकेत सिएटलला गॉटमन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी जोडप्यांना भांडायला लावून त्यांच्या नाडीचे ठोके मोजले. दोषारोप, तुच्छता, बचाव आणि भिंत, म्हणजे गप्प होऊन बोलणंच तोडणं, या चार गोष्टी असल्या की लग्न मोडणार हे ते ९० टक्क्यांहून जास्त अचूक सांगतात. आणि ८५ टक्के पुरुष भिंतच उभी करतात, तो निसर्ग आहे. उपाय एकच, २० मिनिटांचा ब्रेक. तेवढा घ्या, प्रश्न मिटला.

हर्षदा_के
म्हणजे पोरगी पंचवीस मिनिटं ताटकळली आणि धडे मात्र बायकोनं गिरवायचे? चुकलं त्याचं, गप्पही तोच बसतो, आणि आवाज काढून दाखवला म्हणून दोषी ही.

पूर्वा_औंध
आमच्याकडे पाळणाघरवाल्या सातनंतर प्रत्येक पंधरा मिनिटांना ५० रुपये लावतात. तुमच्याकडे किती?

वाकडकर
आमच्याकडे १०० आहेत. आणि फोन करून ऐकवतात ते वेगळं.

स्मिता_नाशिक
मंदार, निम्मं बरोबर आहे. पण ८५ टक्के पुरुष भिंत उभी करतात असं तो आकडा सांगत नाही. प्रयोगशाळेत भिंत उभी करणारे जे सापडले, त्यांत ८५ टक्के पुरुष होते. बायकाही करतात, माझ्याकडे दर आठवड्याला येतात. आणि ती ९० टक्के अचूकता बरीचशी अशा जोडप्यांवर बेतलेली आहे ज्यांचं पुढे काय झालं हे आधीच माहीत होतं. यावर इतर संशोधकांनी टीका केली आहे. त्यामुळे रानजाई, घरी बसून लग्नाला गुण देऊ नका.

हर्षदा, तक्रार शंभर टक्के खरी आहे. सात वाजता मूल घेतलं गेलं नाही तर आईला धडकी भरणारच. पण "तुला कधी काही लक्षात राहतं का" हे आजच्या उशिराबद्दल राहत नाही, माणसाबद्दल होतं. "बाबांवर गेलायस" आणि नक्कल, ही त्याच्या वरची पायरी. त्यात समोरचा आपल्यापेक्षा खालचा ठरतो. या चारांत तुच्छता सगळ्यात घातक मानतात. मग त्याचं "मी काय खेळत होतो" आलं, पण त्यात "हो, उशीर झाला" हे तीन शब्द कुठेच नव्हते. ते आले असते तर भांडण तिथेच अर्धं झालं असतं. म्हणजे चूक त्याचीही आहे, आणि ती गप्प बसण्याच्या आधीची आहे.

आता मूळ प्रश्न. रानजाई, तुम्ही म्हणता दरवेळी तुम्हीच हात पुढे करता. पण आज पहिला हात त्यानं पुढे केला होता. "पोळ्या गरम करू का?" भांडणात सांधण्याचा प्रयत्न असाच येतो, वेडावाकडा, विषयाला सोडून. कुणी पाण्याचा ग्लास ठेवतं, कुणी "तुझं जेवण झालं का" विचारतं. तो विषय बदलणं वाटतो म्हणून मारला जातो.

रानजाई
हे वाचून दोन मिनिटं काही लिहिता आलं नाही. खरं सांगते, मला ती पळवाट वाटली. पण मग माझं सॉरी का चालत नाही? ते तर सरळ होतं.

स्मिता_नाशिक
शब्द काय होते, जसेच्या तसे?

रानजाई
"सॉरी, पण तू असं वागलास की माझा तोल जातो."

हर्षदा_के
"पण"नंतर पुन्हा भांडणच सुरू झालं की. हे मलाही पटतंय.

स्मिता_नाशिक
शब्दांपेक्षा मोठी अडचण वेळेची आहे. गप्प बसलेला माणूस आतून शांत नसतो. छाती धडधडत असते, कान बंद झाल्यासारखे होतात. बसल्या जागी ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की ऐकणं, विनोद कळणं, माफी पोचणं सगळं आखडतं. तेव्हा मागे मागे खोल्यांत जाणं म्हणजे आगीत तेल. रानजाई, त्याच्याकडे घड्याळ आहे का, ठोके दाखवणारं?

रानजाई
आहे. आज सकाळी बघितलं मी, त्याच्या परवानगीनं. भांडणाच्या वेळी ९४ होते. म्हणजे १०० सुद्धा नाही. मग तो मुद्दाम गप्प बसतो असंच ना?

स्मिता_नाशिक
व्यायाम करतो का?

रानजाई
हाफ मॅरेथॉन पळतो. सांगायचं राहिलं. एरवी ठोके ५२ असतात.

स्मिता_नाशिक
मग ९४ खूप झाले. नियमित पळणाऱ्यांसाठी हा आकडा ८० च्या आसपास धरतात. माणूस बुडत होता.

मंदार_७७
म्हणजे २० मिनिटांचा ब्रेक हे बरोबरच होतं माझं.

स्मिता_नाशिक
२० मिनिटं हे कमीत कमी. आणि त्या वेळात मनात "बाबांवर गेलायस" घोळवत बसलं तर ठोके खाली येतच नाहीत. गॉटमन यांच्या प्रयोगशाळेत यंत्र बिघडल्याचं सांगून भांडण मध्येच थांबवलं आणि जोडप्यांना मासिकं वाचायला दिली. पुन्हा बोलायला बसल्यावर बोलणं कितीतरी सरळ झालं. दुसरं, जाणाऱ्यानं परत यायची वेळ सांगून जायचं. "मला आत्ता जमत नाहीये, साडेआठला गॅलरीत बोलू" आणि साडेआठला तिथे असायचं. हे त्यालाच करायचं आहे, तुम्ही त्याच्या वतीनं करू शकत नाही. वेळ न सांगता उठून गेलेला माणूस मागे राहिलेल्याला टाकून गेल्यासारखाच वाटतो, म्हणूनच तुम्ही मागे जाता.

अनुराधा काकू
आमच्या यांचे अकरा दिवस ठोके वाढलेले होते का गं? शेजाऱ्यांशी तर हसून बोलायचे.

स्मिता_नाशिक
काकू, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर वेगळं आहे. तासाभरानं अंग शांत होतं. त्यापुढे जगाशी हसून फक्त बायकोशी गप्प, आणि तिनं हार मानली की बोलणं सुरू, ही शिक्षा आहे. रानजाईच्या नवऱ्याचा पहिला तास एक प्रकारचा आणि पुढचे दोन दिवस दुसऱ्या प्रकारचे असू शकतात. ते इथून सांगता येणार नाही.

कायदेमित्र
मानसिक छळ म्हणून दीर्घ अबोलाही न्यायालयात मांडता येतो.

रानजाई (शुक्रवार, रात्री १०.१५)
काल बोललो. आधी मी फक्त एवढंच म्हटलं, "बाईंचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते, मला धडकी भरली होती. बाबांचं नाव काढलं ते चुकलं." तिथे थांबले, पुढे काही जोडलं नाही. तो बराच वेळ टेबलावरचं पाणी पुसत राहिला, कोरडं झालं तरी पुसत होता. मग म्हणाला, "पोहोचायला पाहिजे होतं मी." नंतर खर्चावरून पुन्हा तापलं. या वेळी तो म्हणाला, नऊला बोलू. आला सव्वानऊला. ती पंधरा मिनिटं मी दाराशी उभी राहिले, आत गेले नाही, पण फार जड गेलं. खर्चाचं काही ठरलं नाही.
स्मिताताई, तो उशिरा आला यावर बोलायचं की सोडायचं?

हर्षदा_के
बोलायचं. वेळ त्यानंच दिली होती.

मंदार_७७
सोडा हो, आला ना.

स्मिता_नाशिक
आज सोडा. पुढच्या वेळी तो जायच्या आधीच विचारा, "नक्की किती वाजता?" आणि त्यालाच वेळ ठरवू द्या. दोनदा-तीनदा तो ती पाळत नसेल तर दोघं मिळून कुणाला तरी भेटा. हे एकट्यानं सांधत बसू नका.

पूर्वा_औंध
पाळणाघराचा दंड शेवटी किती लागला?