खताच्या चिठ्ठीतली चूक

>‘ग्राहकाच्या मेसेजमध्ये आकडा चुकलेला दिसला तर आपणच समजून माल द्यावा का?’

चुकलेल्या आकड्याची वस्तू खरोखर मिळते का, ते आधी बघा. ‘0:52:43’ असा खताचा ग्रेड बाजारात नाही, म्हणजे 0:52:34च हवंय, बिनधास्त द्या.

‘जीए 40 पीपीएम, 200 लिटर’ मात्र धोक्याचं. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक. 10च्या जागी 40 पडला असेल, तरी वाक्य बरोबरच दिसतं, कारण दोन्ही मात्रा द्राक्षात चालतात. 10ला 2 ग्रॅम शुद्ध जीए लागतं, 40ला 8. घड लांबवायला फुलोऱ्याआधी कमी मात्रा, मणी फुगवायला नंतर जास्त. फुलोऱ्याआधीच 40 गेलं तर घड वेडेवाकडे ताणतात, आणि ते परत सुधरत नाहीत. म्हणून ‘बाग कोणत्या अवस्थेत आहे, दादा?’ हे फोनवर विचारूनच पुडी बांधा.