मदत हवी आहे: युजरच्या ओएसचा अंदाज बॉटने कधी सोडून द्यावा?

अंधेरीच्या एका क्लायंटसाठी सपोर्ट बॉट करतोय. युजरने `C:\Users` वाला पाथ टाकला की आम्ही विंडोज धरतो आणि पुढच्या कमांड्स त्याच हिशोबाने देतो. परवा एकाने विसाव्या मेसेजला हे पेस्ट केलं:

```
bash: ipconfig: command not found
```

म्हणजे तो मधेच लॅपटॉपवरून एसएसएचने उबुंटू सर्व्हरवर गेला होता आणि आम्ही आपले विंडोजलाच धरून बसलेलो, बिचाऱ्याची पंधरा मिनिटं फुकट गेली.

आधी दहा मेसेजनंतर अंदाज पुसून बघितला, तर लोकांना तेच परत विचारलं जायला लागलं, वैतागले. मग शेवटचा पुरावा खरा मानला, तर नुसता सर्व्हरचा लॉग पेस्ट केला तरी लिनक्स ठरायचं आणि लॅपटॉपवरच्या फाईलसाठी `chmod` जायचं. आता लॅपटॉप आणि सर्व्हर असे दोन वेगळे अंदाज ठेवतोय, युजरने स्वतः सांगितलेलं मात्र कधीच पुसत नाही.

चॅट व्हॉट्सॲपवरून येतं, त्यामुळे युजर एजंट मिळत नाही, आणि फोनवरून टाईप करणाऱ्याचा लॅपटॉप कुठला ते त्यावरून कळतही नाही. दर वेळी विचारायला क्लायंटची परवानगी नाही.

तर सर्व्हरचा अंदाज नेमका कशावर संपवायचा, `exit` किंवा प्रॉम्प्ट बदललेला दिसला की, विषय बदलला की, का मधे काही तास गेले की?