बुडालेला तास, वाटलेल्या स्लाइड आणि माझं पत्र

मैत्रीण तापाने पडली आणि तिचा सॉइल मेकॅनिक्सचा तास बुडाला. स्लाइड मिळाल्या, पण "आकृती आणि एक सूत्र, यातून काय कळणार?" म्हणाली. मग तिला पत्र लिहिलं. त्यातला तुकडा देते, तुम्हीही आपापले अनुभव लिहा.

"सातवी स्लाइड उघड. `σ' = σ − u` एवढंच दिसेल, म्हणजे कणांवरचा दाब σ' हा एकूण दाब σ वजा पाण्याचा दाब u. हिशेब सरांनी फळ्यावर केला. माती पाण्याने गच्च आणि पाणी जमिनीच्या पातळीला. एका घनमीटरचं वजन २० किलोन्यूटन धर. ५ मीटर खोलीवर एकूण दाब १०० किलोपास्कल. त्यातला ढोबळ ५० पाणी पेलतं, उरलेला ५० मातीचे कण. आता उपसा करून पाणी ५ मीटरवर ने. वरची माती हलकी झाली, १८ धर. एकूण दाब ९० वर उतरला, पण पाण्याचा आधार गेला, म्हणून सगळे ९० कणांवर. वरचं ओझं कमी झालं, तरी माती दबणार! मेक्सिको सिटी खचते ती अशीच."

उंडगा: मस्त. म्हणजे तळ्यात पाणी वाढलं की तळाच्या मातीवरचा दाबही वाढणार, बरोबर ना?

साइटवरचे काका: एकूण दाब वाढेल, कणांवरचा नाही. वर १० मीटर पाणी आलं की σ १०० ने वाढतो आणि u सुद्धा १०० ने. वजाबाकी तीच. म्हणून तर खोल समुद्राच्या तळाशीही गाळ मऊच सापडतो. पेपरात मुलं u मध्ये हे पाणी धरतात आणि σ मध्ये विसरतात. उत्तर उणे आलं की समजावं, हेच झालंय.

पिंपळपान: आमच्या वेळी स्लाइड कुठल्या! एकीची वही झेरॉक्स करून आणली, तर तिनेही तास बुडवलेला. हजेरीवरून परीक्षेला बसू देत नव्हते, त्यावर कोणी पत्र लिहिलंय का?

धागाकर्ती: ते पत्र वेगळं हो ताई :)

उंडगा: काका, मग आमच्या विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात तळाला जातं, अंगण कसं खचत नाही?

साइटवरचे काका: मुरूम किंवा वाळू असेल तर दबतेच थोडी, आणि लगेच. चिकणमातीतून पाणी निघायला वर्षं लागतात, पण दबते भरपूर. तुमच्याकडे खाली काय आहे?

उंडगा: वर काळी माती, खाली मुरूम. विचारून सांगतो.

ओली वाळू: मला पत्रातलं 'सगळे ९०' खटकतंय. पाणी खाली गेलं तरी वरची माती ओलसर राहते, केशाकर्षणाने पाणी चढतं. तिथे u उणे असतो, म्हणजे कणांवर आणखी जास्त.

साइटवरचे काका: खरंय. पण ५ मीटरवर, अगदी पाण्याच्या पातळीला, u शून्यच. तुमचा मुद्दा त्याच्या वरच्या थराला लागू. आणि ओलावा राहिला तर १८ हा आकडाही बदलेल.

धागाकर्ती: सातव्या स्लाइडवर यातलं काही नाही. ताप उतरलाय तिचा, आता पुरवणी पत्र मागतेय.